पाडव्याच्या आठवड्यातले चौदाशे जोड

2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला आला, रविवारी. दुसऱ्या दिवशी रमजान ईद, आणि त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपलं. निपाणीजवळची एक भागीदारी पेढी कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकते. तिच्यासाठी हा योग विक्रीच्या दृष्टीने फार चांगला होता आणि हिशोबाच्या दृष्टीने तितकाच अडचणीचा. महिन्याला दीड हजार जोड विकणाऱ्यांनी मार्चमध्ये तीन हजार जोड पाठवले, आणि त्यातले बहुतेक शेवटच्या दहा-बारा दिवसांत. ज्या ऑनलाइन बाजारावर ते विकतात, तिथे माल हातात पडल्यापासून दहा दिवसांत ग्राहक तो परत करू शकतो. म्हणजे 31 मार्चला वही मिटायची वेळ आली तेव्हा महिन्याची जवळपास निम्मी विक्री अजून पक्की व्हायची होती.

पेढी दोन भावांची. माल अथणी, मदभावी भागातल्या कारागिरांकडून येतो, थोडा निपाणीतच होतो. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि बेळगाव त्या चारांत आहे. त्यामुळे नावात कोल्हापूर असलं तरी चप्पल इकडची, यात काही खोटं नाही. मी बेळगावात बसतो, त्यांची वर्षअखेर मी बघतो. पेढीचं नाव देत नाही, आणि आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत. एका जोडाची सरासरी विक्री किंमत जीएसटी सोडून 900 रुपये आणि पेढीला पडणारी किंमत 520 रुपये धरली आहे.

2 एप्रिलला दोघेही माझ्याकडे आले. थोरल्याला बँकेला तात्पुरते आकडे द्यायचे होते, सीसी मर्यादा, म्हणजे बँकेकडून खेळत्या भांडवलासाठी उचलता येणाऱ्या कर्जाची मर्यादा, वाढवून हवी होती. त्याचं म्हणणं सरळ होतं: बिलं फाडली, माल गेला, विक्री झाली. सत्तावीस लाख मार्चची विक्री, ती दाखवा. परत येईल तेव्हा एप्रिलच्या वहीत वजा करू. धाकट्याचा कल उलटा. त्याने परत आलेल्या मालाची वही आणली होती. मार्चमध्ये 330 जोड परत आले होते, विक्री 3,000 जोडांची, म्हणजे अकरा टक्के. सत्तावीस लाखाचे अकरा टक्के, 2,97,000 रुपये, बाजूला काढून ठेवा, तेवढाच नफा कमी आणि कर कमी.

"अण्णा म्हणालाय शून्य, मी म्हणालोय तीन लाख. तुम्ही मधलं कायतरी काढा," असं धाकटा म्हणाला. मधलं काढून हा प्रश्न सुटत नाही. दोघांचा गोंधळ एकाच ठिकाणी होता, आणि तो टक्क्यांचा नव्हता. माल कुठे आहे आणि कुणाचा आहे, हा प्रश्न दोघांनीही विचारलाच नव्हता.

म्हणून आधी टक्के बाजूला ठेवले आणि बाजाराच्या पोर्टलवरून प्रत्येक ऑर्डरची 31 मार्चच्या रात्रीची स्थिती काढली. पाठवल्याची तारीख, पोचल्याची तारीख, परतीची विनंती आली असेल तर तिची तारीख. या चाळणीतून पहिली गोष्ट दिसली ती अशी की 700 जोड 31 तारखेला ग्राहकाकडे पोचलेच नव्हते. काही कुरिअरच्या गोदामात होते, काही दारावरून नाकारले जाऊन परतीच्या वाटेवर होते. आपल्याकडे सगळे याला आरटीओ म्हणतात. पैसे पोचल्यावर द्यायचे असतात, ग्राहक फोन उचलत नाही, की घरातलं कुणीतरी "आम्ही काही मागवलेलं नाही" म्हणून सांगतं, आणि पार्सल तसंच माघारी येतं.

धाकट्याच्या वहीत हे आरटीओ आणि वापरून बघून परत केलेले जोड एकाच रकान्यात होते. त्या 330 मधले 180 आरटीओ, 150 खऱ्या परती. या दोन्हींत हिशोबाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. ग्राहकाने हातात घेतलेला जोड ही झालेली विक्री आहे, ती कदाचित उलटेल. वाटेत असलेला जोड ही अजून विक्रीच नाही. पैसे मिळालेले नाहीत, माल ग्राहकाच्या ताब्यात नाही, वाटेत हरवला तर नुकसान आपलं. तिथे परतीची तरतूद करायची नसते, विक्रीच काढून टाकायची असते. बिल पाठवतानाच तयार होतं म्हणून ती वहीत बसलेली असते, एवढंच. तर 700 गुणिले 900, म्हणजे 6,30,000 रुपये मार्चच्या विक्रीतून निघाले, आणि 700 जोड प्रत्येकी 520 प्रमाणे 3,64,000 रुपयांचा माल "वाटेवरचा साठा" म्हणून परत आपल्या साठ्यात आला.

थोरल्याचा चेहरा उतरला. तीन लाखाला तो नाही म्हणत होता, इथे पहिल्याच फटक्यात सहा लाख गेले. पण यात अंदाज कुठलाच नव्हता, कुरिअरच्या नोंदी होत्या. त्यातले जे जोड एप्रिलमध्ये पोचतील ते एप्रिलची विक्री होतील.

दुसरी चाळणी आणखी सोपी. मार्चअखेर 94 जोडांच्या परतीची विनंती आधीच आलेली होती, पण माल गोदामात पोचला नव्हता म्हणून वहीत नोंद नव्हती. यातले 24 जोड 22 मार्चच्या आधी पोचलेल्या मालातले, 70 त्यानंतरच्या. ग्राहकाने "नको" म्हटलेलं आहे, पैसे परत देणं ठरलेलं आहे. इथेही अंदाज लागत नाही. 84,600 रुपये ही देणी म्हणून सरळ मांडली.

आता उरला खरा प्रश्न. 22 ते 31 मार्च या दहा दिवसांत 1,400 जोड ग्राहकांच्या हाती पडले होते, आणि 31 तारखेच्या रात्री या सगळ्यांची परतीची मुदत उघडी होती. त्यातल्या 70 जणांनी आधीच परत मागितलं. उरलेल्यांतले आणखी किती मागतील?

यासाठी टक्केवारी हवी, आणि ती काढताना बहुतेक जण चुकतात तिथेच धाकटा चुकला होता. आरटीओ वगळले तर त्याच्या वहीप्रमाणे 150 भागिले 3,000, म्हणजे पाच टक्के निघतात. पण मार्चमध्ये परत आलेले ते 150 जोड मार्चमध्ये विकलेल्या मालातले नव्हतेच फारसे. चप्पल पाठवली, चार दिवसांनी पोचली, ग्राहकाने आणखी पाच दिवसांनी विनंती टाकली, कुरिअरने उचलून निपाणीला आणली, यात अडीच-तीन आठवडे सहज जातात. म्हणजे मार्चच्या परती आल्या त्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या विक्रीतून, जेव्हा विक्री निम्मी होती. छोट्या विक्रीतून आलेल्या परतींना मोठ्या विक्रीने भागलं, तर टक्का लहानच येणार. विक्री वाढत असताना ही चूक नेहमी आपल्याला गोड वाटेल अशाच बाजूला होते. आणि हंगाम संपून विक्री पडली की तीच पद्धत पंधरा-वीस टक्के दाखवून घाबरवते.

ही चूक ओळखायला मोठं गणित लागत नाही. पाच टक्के खरे मानले, तर 1,400 जोडांतून एकूण 70 परत यायला हवेत. पण 70 विनंत्या तर 31 तारखेला पोर्टलवर आधीच दिसत होत्या, आणि सहाशे जोड अजून लोकांनी धड खोक्यातून काढलेले नव्हते. हे दाखवल्यावर धाकट्याने स्वतःच पेन खाली ठेवलं.

बरोबर पद्धत अशी की परती विक्रीच्या मागे लावायच्या, परतीच्या महिन्याच्या मागे नाही. जानेवारीत पोचलेले जोड घ्या आणि ते शेवटपर्यंत कुठे गेले ते बघा. पाठवले 1,500, आरटीओ 180, प्रत्यक्ष पोचले 1,320. त्यातून परत आले 198. पण त्यातल्या 66 जणांनी पैसे मागितलेच नव्हते, सात नंबरच्या जागी आठ नंबर मागितला होता. कोल्हापुरीत हे फार चालतं. लोक आपल्या बुटाचा नंबर टाकतात, अंगठा घट्ट बसतो, आणि चामडं दोन दिवस वापरल्यावर सैल पडतं हे सांगितलं तरी ऐकत नाहीत. पोर्टलवर अशी बदली "परत" म्हणून दिसते आणि सोबत शून्य रुपयांची नवी ऑर्डर उभी राहते. विक्री मात्र शाबूत असते: तोच माल, तीच किंमत, फक्त नंबर वेगळा. ठरावीक कंपन्यांना लागू असलेलं इंड एएस 115 हे हिशोब-मानक स्पष्टच सांगतं, की एकाच प्रकारच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या मालाची रंग किंवा मापासाठी केलेली अदलाबदल ही परत मानायची नाही. आपली पेढी भागीदारीची, तिला ते मानक लागत नाही, पण तर्क तोच. बदलीचा येण्याजाण्याचा खर्च वेगळा धरायचा, विक्रीला हात लावायचा नाही.

198 मधून 66 गेले, उरले 132. 1,320 ला 132, म्हणजे दहा टक्के. नोव्हेंबर, डिसेंबर, फेब्रुवारीही असेच तपासले, दहाच्या आसपासच राहिले. धाकट्याचे अकरा आणि हे दहा जवळजवळ सारखे दिसतात, पण तो निव्वळ योगायोग. अकरामध्ये आरटीओ होते, बदल्या होत्या आणि भाजक चुकीचा होता. तीन चुका एकमेकांना कापून बरोबर उत्तराच्या शेजारी येऊन बसल्या होत्या. असा आकडा पुढच्या महिन्यात कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

दहा टक्के सगळ्या 1,400 ना लावायचे का? दोन कारणांनी नाही.

पहिलं कारण वयाचं. 22 तारखेला पोचलेला जोड 31 ला नऊ दिवसांचा झालेला आहे, ज्याला परत करायचा होता त्याने बहुधा केला. 30 तारखेला पोचलेल्याची गोष्ट अजून सुरूच व्हायची आहे. मागच्या चार महिन्यांच्या नोंदींवरून असं दिसलं की एकूण परतींपैकी साधारण दहा टक्के विनंत्या पहिल्या दोन दिवसांत येतात, तीन ते सहा दिवस झालेल्या मालात सरासरी साठ टक्के येऊन गेलेल्या असतात, आणि सात ते नऊ दिवस झालेल्यात नव्वद. म्हणून 1,400 जोडांचे तीन ढीग केले. 22 ते 24 मार्चला पोचलेले 300, 25 ते 28 चे 500, आणि 29 ते 31 चे 600.

दुसरं कारण सणाचं. मागच्या वर्षी पाडवा 9 एप्रिलला होता, त्यामुळे त्या वर्षीच्या मार्चअखेरीस ही गर्दी नव्हती आणि मागच्या वर्षअखेरीचा दाखला उपयोगाचा नव्हता. सणाची विक्री कशी वागते हे बघायला दिवाळीच्या आठवड्यातला माल घेतला. त्यात परती चौदा टक्के निघाल्या. कारण पोर्टलवरच्या "परत करण्याचं कारण" या रकान्यात दिसतं: दुसऱ्यासाठी घेतलेली चप्पल. जावयाचा नंबर अंदाजाने टाकलेला. पाडव्याला तसंच होईल का? इथे माझा थोडा अंदाज आहे. दिवाळीला जेवढी भेट दिली जाते तेवढी पाडव्याला दिली जात नाही, पण यंदा सोबत ईद होती आणि पुढे लग्नसराई. शेवटच्या आठवड्यातल्या, म्हणजे 25 तारखेपासूनच्या मालाला मी चौदा टक्के लावले, आधीच्या 300 ना दहाच ठेवले. का लावले ते कागदावर तीन ओळींत लिहून ठेवलं. पुढे कुणी विचारलं तर आठवणीतून उत्तर द्यावं लागू नये, हा हेतू.

आता आकडेमोड सोपी. पहिल्या ढिगात दहा टक्क्यांपैकी नव्वद टक्के विनंत्या येऊन गेल्या, एक टक्का उरला, 300 चे 3 जोड. दुसऱ्या ढिगात चौदाच्या चाळीस टक्के, म्हणजे 5.6 टक्के उरले, 500 चे 28 जोड. तिसऱ्यात चौदाच्या नव्वद टक्के, म्हणजे 12.6, 600 चे 76 जोड. एकूण 107. ताळा म्हणून उलट बघितलं: याच हिशोबाने 31 तारखेपर्यंत 77 विनंत्या यायला हव्या होत्या, प्रत्यक्षात 70 होत्या. एवढ्या मालात एवढा फरक चालतो.

107 जोडांचे 900 प्रमाणे 96,300 रुपये. हे विक्रीतून वजा होऊन "परताव्याची देणी" म्हणून ताळेबंदात गेले. जीएसटी यात धरला नाही, कारण तो ग्राहकाला परत दिला तरी क्रेडिट नोट काढून आपल्या कर-देण्यातून सुटतो. पेढीच्या खिशातून तो जात नाही.

एक बाजू झाली. पण चप्पल परत येणार म्हणजे मालही परत येणार, आणि इथे लोक थेट 520 लावून मोकळे होतात. 107 जोडांची पडती किंमत 55,640 रुपये, हे खरं. पण परत आणायला पेढीला जोडामागे 70 रुपये कुरिअर पडतो, ते 7,490 झाले. आणि आलेला प्रत्येक जोड पुन्हा नवा म्हणून जात नाही. अंगणात चार पावलं टाकून बघितलेल्या चपलेच्या तळाला ओरखडे असतात. कोंदट खोक्यात आठ दिवस राहिली तर चामड्यावर बुरशीची पांढुरकी छटा येते. पेढीच्या अनुभवाने चारातला एक जोड असा निघतो, तो मग आठवडी बाजारात 300 रुपयांना जातो. 107 चे 27 जोड धरले, प्रत्येकी 220 चा तोटा, 5,940 रुपये. म्हणजे परत मिळणाऱ्या मालाचं मूल्य 55,640 मधून 7,490 आणि 5,940 वजा जाता 42,210 रुपये. हे साठ्यात मिसळले नाहीत, वेगळी ओळ दिली, कारण 31 मार्चला हा माल गोदामात नाही, लोकांच्या पायांत आहे. बँकेला देण्याच्या साठ्याच्या तक्त्यात तर तो अजिबात जाता कामा नये.

नफ्यावर परिणाम 96,300 वजा 42,210, म्हणजे 54,090 रुपये. बाजाराचं कमिशन परतीवर बहुतेक माघारी मिळतं, परतीचं शुल्क कापतात. तो छोटा आकडा इथे सोडून देतो.

यात एक गोष्ट धाकट्याला पटायला वेळ लागला. त्याला वाटत होतं तरतूद मोठी केली की कर वाचतो. भागीदारी पेढीच्या वहीला लागू असलेलं एएस 9 हे हिशोब-मानक "पसंत नसेल तर पैसे परत" अशा किरकोळ विक्रीबद्दल बोलतं: विक्री दाखवायला हरकत नाही, पण आधीच्या अनुभवावरून परतीची योग्य तरतूद करा. आधीच्या अनुभवावरून, हे शब्द महत्त्वाचे. आयकरातही तीच कसोटी आहे. 2009 मध्ये रोटॉर्क कंट्रोल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीची तरतूद मान्य केली. कारण घडून गेलेल्या विक्रीतून आलेलं बंधन होतं, खर्च होणार हे संभवत होतं, आणि मागच्या नोंदींवरून त्याचा भरवशाचा अंदाज काढलेला होता. त्यानंतर आयकरासाठी वेगळी हिशोब-मानकं आली, त्यांत "संभवनीय" च्या जागी "वाजवी खात्री" आली, म्हणजे गाठ आणखी आवळली. सत्तावीस लाखाचे सरसकट अकरा टक्के या कसोटीला टिकले नसते. आणि त्यातले निम्म्याहून जास्त जोड तर आरटीओ. जी विक्री झालीच नाही तिची तरतूद कसली करणार?

जीएसटीचं घोडं मात्र वेगळ्या वाटेने जातं. तिथे तरतूद नावाचा प्रकार नाही. बिल निघालं की कर लागला. वाटेतल्या त्या 700 जोडांचाही कर मार्चच्या विवरणात भरायचा, आणि एप्रिलमध्ये परत आलेल्यांच्या क्रेडिट नोटा एप्रिलच्या विवरणात टाकायच्या. त्याला मुदत आहे: विक्री ज्या आर्थिक वर्षातली, ते संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तोपर्यंत. जाता जाता एक सीमाभागाची गंमत. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, पण ती विक्री आंतरराज्य, आयजीएसटीची. बिदर निपाणीहून कितीतरी लांब, पण ती राज्यातली. परतीच्या क्रेडिट नोटा काढताना हे उलटसुलट झालं की पुढे महिनोन् महिने निस्तरत बसावं लागतं, आणि पत्त्यात फक्त "बेळगाव रोड" बघून राज्य ठरवणारा एक पोरगा या पेढीत होता.

व्हायचं तेच झालं. जीएसटीत मार्चची विक्री सत्तावीस लाख, वहीत आठ लाखांनी कमी. बँकेतून थोरल्याला फोन आला, दोन आकडे का? त्याला मी आधीच एक पानी जुळणी करून दिली होती: वाटेवरचे 6,30,000, विनंती आलेले 84,600, अंदाजाचे 96,300, एकूण 8,10,900. यातला अंदाज फक्त शेवटचा, बाकी सगळ्याला ऑर्डर क्रमांकानिशी पुरावा. बँकेने ते पान फायलीला लावलं. मर्यादा वाढली, पण थोरल्याने मागितली होती तेवढी नाही.

11 एप्रिलला सगळ्यांच्या मुदती संपल्या आणि खरा आकडा समोर आला. अंदाज 107 चा होता, विनंत्या आल्या 118. पहिल्या ढिगातून 3, दुसऱ्यातून 29, तिसऱ्यातून 86. पाडव्याच्या तोंडावर पोचलेला माल माझ्या चौदा टक्क्यांपेक्षाही जास्त परत आला. कारणांच्या रकान्यात "अंगठ्याला घट्ट" पुन्हा पुन्हा होतं, आणि ते बरेचसे एकाच कारागिराच्या एका नमुन्याचे.

आता पुढचा प्रश्न बारीक आहे, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात तोच जास्त शिकवून जातो. बँकेला तात्पुरते आकडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेले, पण वार्षिक हिशोब पक्के झाले जुलैत. तोवर 118 माहीत होते. मग वार्षिक हिशोबात 107 ठेवायचे की 118? एएस 4 प्रमाणे, ताळेबंदाच्या तारखेला असलेल्या परिस्थितीवर नंतरच्या घटनेने अधिक प्रकाश पडत असेल तर आकडा सुधारायचा. चप्पल 31 मार्चला ग्राहकाच्या घरात होती, अंगठ्याला घट्ट होती, तिचा फक्त निरोप एप्रिलमध्ये आला. म्हणून 118 घेतले, आणि देणी 1,06,200 झाली.

पण तसंच मालाच्या नुकसानीचं नाही. परत आलेल्या जोडांत खराब निघालेले चारात एक नव्हते, त्याहून बरेच जास्त होते. धाकटा म्हणाला, हेही सुधारा की मग. विचारलं, जास्त का निघाले? एप्रिलच्या मध्याला वळवाची सर झाली, कुरिअरच्या टेम्पोची ताडपत्री फाटकी, आणि एक अख्खी खेप भिजून आली. हे नुकसान 31 मार्चला अस्तित्वातच नव्हतं. पाऊस एप्रिलचा, तोटा एप्रिलचा. 118 जोडांना चारात एक हेच प्रमाण ठेवलं, भिजलेल्यांचा तोटा नव्या वर्षात गेला. एकाच पार्सलमधली परत जुन्या वर्षात आणि तिचं भिजणं नव्या वर्षात, हे ऐकून थोरला हसला. "पाऊस बी तारीख बघून पडतोय म्हणा की."

एक ढीग मी वर मुद्दाम सोडला होता. याच आठवड्यात पेढीने एक नवा नमुना बाजारात टाकला होता, बायकांसाठी, जरा उंच टाचेचा, 1,500 रुपयांचा. तीन हजारांखेरीज हे 60 जोड, सगळे 27 मार्चनंतर पोचलेले. त्याला कुठले टक्के लावणार? दहा नाही, चौदा नाही. त्या नमुन्याचा इतिहासच नव्हता, आणि सपाट कोल्हापुरीच्या अनुभवावरून टाचेच्या चपलेचं भाकीत करणं म्हणजे ज्वारीवरून उसाचा उतारा सांगणं. अशा ठिकाणी तरतूद करायची नसते. किती टिकेल याचा भरवशाचा अंदाज निघत नसेल, तर तात्पुरत्या आकड्यांत विक्रीच धरायची नाही, मुदत संपेपर्यंत थांबायचं. 90,000 रुपये मी बाहेर ठेवले. मिळालेले पैसे ग्राहकांची अनामत म्हणून दाखवले आणि 60 जोड पडत्या किमतीला मालाच्या वेगळ्या ओळीत. बँकेच्या पानावर ही चौथी ओळ झाली आणि वजावट 9,00,900 वर गेली. थोरल्याला सगळ्यात जास्त राग याचाच आला, कारण हा नमुना त्याने स्वतः काढला होता.

मुदत संपल्यावर त्या 60 पैकी 21 परत आले. उरलेल्या 39 ची विक्री वार्षिक हिशोबात मार्चमध्येच बसली, कारण तोवर ती पक्की झालेली होती.

आता धाकटा दर महिन्याला एक तक्ता भरतो. आडव्या ओळीत माल पोचल्याचा आठवडा, उभ्या रकान्यांत त्यानंतरचे दिवस, आरटीओ आणि बदल्या वेगळ्या कागदावर. पुरेसे जोड न गेलेल्या नमुन्याला तो टक्का काढत नाही, रकान्यात नुसती फुली मारतो. उंच टाचेच्या नमुन्यापुढे दिवाळीपर्यंत फुलीच होती. थोरल्याने तो नमुना बंद करून टाच अर्ध्या इंचाने उतरवली आहे, आणि नव्या मालाच्या ओळीत पुन्हा पहिल्यापासून फुल्या सुरू झाल्या आहेत.